कंपनीने बिल थकवलंय? ४६व्या दिवसापासून चक्रवाढ व्याज लागतं. छोट्या पुरवठादारांचा हा कायदा नेमका कसा चालतो?

समजा, पुण्याजवळ भोसरी एमआयडीसीत एक छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी मशीन, सात कामगार. चाकणच्या एका मोठ्या कंपनीने या वर्कशॉपला पार्ट बनवण्याची ऑर्डर दिली. १ डिसेंबर २०२३ रोजी माल कंपनीच्या गेटवर पोचला, चलानवर शिक्का बसला. जीएसटी धरून बिल झालं १० लाख रुपयांचं.

पर्चेस ऑर्डरवर, म्हणजे पीओवर, पेमेंटची मुदत होती ९० दिवस. ते ९० दिवस संपले. मग अकाउंट्सकडून उत्तरं सुरू झाली. साहेब रजेवर आहेत, बिल सिस्टिमला चढलेलं नाही, पेमेंट पुढच्या महिन्यात निघेल. इकडे कच्च्या मालाचे पैसे देऊन झालेत, बिलावरचा जीएसटी भरून झालाय, मशीनचा हप्ता दर महिन्याला कापला जातोय.

हे वर्कशॉप काल्पनिक आहे. पण छोटा कारखाना, छापखाना, पॅकेजिंगचं युनिट किंवा सॉफ्टवेअरची छोटी फर्म चालवणाऱ्या अनेकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. अशा वेळी वर्कशॉपमालकाच्या हातात काय असतं? फोन करत राहणं आणि वाट पाहणं, एवढंच?

तसं नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यात, ज्याला सगळे एमएसएमई कायदा म्हणतात, यासाठी एक अख्खं प्रकरण आहे. पैसे कधी द्यायचे, उशीर झाला तर व्याज किती, आणि तरीही दिले नाहीत तर दाद कुठे मागायची, हे त्यात ठरवून दिलंय. भोसरीचं हेच १० लाखांचं बिल धरून ते समजून घेऊ.

पीओवर ९० दिवस लिहिलेत, मग ४५ दिवस कुठून आले?

या कायद्याच्या कलम १५ नुसार, खरेदीदार आणि पुरवठादार यांच्यात लेखी करार असेल तर त्यात ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे. पण ही मुदत माल स्वीकारल्याच्या दिवसापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही.

म्हणजे पीओवर ९० दिवस लिहिलेले असले आणि त्यावर वर्कशॉपमालकाने सही केलेली असली, तरी व्याजाचा हिशोब करताना ४५ दिवसच धरले जातात. 'तुम्हीच मान्य केलं होतं' हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण कलम २४ नुसार या तरतुदी त्यांच्याशी विसंगत असलेल्या इतर कायद्यांच्याही वर आहेत.

इथे दोन गैरसमज नेहमी दिसतात. पहिला म्हणजे ४५ दिवस प्रत्येकालाच मिळतात. तसं नाही. ४५ ही कमाल मर्यादा आहे. पीओवर ३० दिवस लिहिले असतील तर ३० दिवसच. दुसरा गैरसमज म्हणजे लेखी काहीच नसेल तर कायदा लागू होत नाही. उलट अशा वेळी मुदत आणखी कमी होते. लेखी करार नसेल तर फक्त १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात.

आपल्या उदाहरणात माल १ डिसेंबर २०२३ ला पोचला. तिथून ४५ दिवस मोजले की १५ जानेवारी २०२४ ही शेवटची तारीख येते. १६ जानेवारीपासून व्याज सुरू झालं. पीओच नसता, फोनवर ऑर्डर घेतलेली असती, तर शेवटची तारीख १६ डिसेंबर आली असती आणि व्याज १७ डिसेंबरपासून लागलं असतं.

पहिले १५ दिवस का महत्त्वाचे?

आता 'माल स्वीकारल्याचा दिवस' म्हणजे कोणता? कंपनी म्हणू शकते की आमच्या क्यूसीने अजून माल पास केलेला नाही, मग स्वीकारला असं कसं म्हणता?

कायद्याने यासाठी सोपा नियम केलाय. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकारल्याचा दिवस मानला जातो. क्यूसीचा शिक्का महिनाभराने बसला तरी फरक पडत नाही.

१५ दिवसांच्या आत लेखी हरकत आली, तर मात्र गणित बदलतं. समजा १० डिसेंबरला कंपनीने ई-मेल केला की ५०० पैकी ४० पार्टचं बोअर मापात नाही. वर्कशॉपने ते ४० पार्ट २० डिसेंबरला बदलून दिले. मग स्वीकारल्याचा दिवस २० डिसेंबर धरला जाईल. तिथून ४५ दिवस म्हणजे ३ फेब्रुवारी २०२४, आणि व्याज ४ फेब्रुवारीपासून.

म्हणूनच सहा महिन्यांनी, पैशांचा तगादा सुरू झाल्यावर अचानक 'तुमच्या मालात रिजेक्शन होतं' असं पत्र आलं, तर त्याने व्याजाची सुरुवात पुढे सरकत नाही. याचा अर्थ ती तक्रार कोणी ऐकणारच नाही, असा मात्र नाही. कंपनी मालाच्या दर्जाबद्दल आपला उलट दावा मांडू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या सिल्पी इंडस्ट्रीज खटल्यात ते स्पष्ट केलंय. माल खरंच खराब होता हे सिद्ध झालं, तर मूळ रक्कमच कमी होऊ शकते.

त्यामुळे माल देताना दोन गोष्टी हातात हव्यात. एक, तारीख आणि शिक्का असलेलं चलान किंवा कंपनीची जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची त्यांच्याच सिस्टिममधली नोंद. दोन, त्या १५ दिवसांत झालेला सगळा लेखी व्यवहार. हरकत आली असेल तर ती कधी आणि कशी दूर केली, हेही लेखी कळवून ठेवायचं. फोनवर 'झालं साहेब, बदलून दिले' एवढ्यावर सोडलं तर पुढे तारीख सिद्ध करणं अवघड जातं.

व्याज नेमकं किती?

कलम १६ म्हणतं की रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावं लागेल.

यातला 'बँक दर' हा शब्द नीट पाहा. हा रेपो दर नाही. तुमच्या बँकेचा कर्जाचा दरही नाही. रिझर्व्ह बँक 'बँक रेट' या नावाने हा दर वेगळा जाहीर करते. पतधोरण जाहीर होतं तेव्हा बातम्यांमध्ये रेपो दर ठळक असतो, पण त्याच निवेदनात बँक दरही दिलेला असतो. डिसेंबर २०२५ च्या कपातीनंतर बँक दर ५.५० टक्के झाला, म्हणजे त्याच्या तिप्पट १६.५० टक्के. रेपो दर त्याच वेळी ५.२५ टक्के होता. चुकून रेपो धरला तर व्याज कमी निघतं, आणि कंपनीचा वकील ती चूक तुम्हाला सांगायला येणार नाही.

आपल्या उदाहरणातल्या काळात, म्हणजे फेब्रुवारी २०२३ पासून फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीपर्यंत, बँक दर ६.७५ टक्के होता. त्याच्या तिप्पट २०.२५ टक्के. महिन्याला भागलं की १.६८७५ टक्के.

आता १० लाखांवर हिशोब करू. पहिल्या महिन्यात, १६ जानेवारी ते १५ फेब्रुवारी २०२४, व्याज होतं १६,८७५ रुपये. हे व्याज मुद्दलात मिळवलं जातं. त्यामुळे दुसऱ्या महिन्याचं व्याज १० लाखांवर नाही, तर १०,१६,८७५ रुपयांवर लागतं. ते होतं सुमारे १७,१६० रुपये. तिसऱ्या महिन्यात १७,४४९ रुपये. असं वर्षभर चालू राहिलं, तर १५ जानेवारी २०२५ रोजी येणं होतं १२,२२,३९३ रुपये.

म्हणजे एका वर्षाच्या उशिराचं व्याज २,२२,३९३ रुपये. सरळव्याज असतं तर २,०२,५०० झालं असतं. चक्रवाढीमुळे जवळपास २० हजारांची भर पडली.

हे व्याज बिलावर छापलेलं नसलं तरी लागू होतं. करारात 'उशीर झाल्यास व्याज मिळणार नाही' असं वाक्य असलं तरीही, कारण कलम १६ करारातल्या अशा अटींना मानत नाही. बिलावर 'एमएसएमई कायद्यानुसार व्याज लागू' अशी ओळ आणि उद्यम क्रमांक छापणं मात्र शहाणपणाचं आहे. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग आहे हे माहीत नव्हतं, असं कंपनीला नंतर म्हणता येत नाही.

हिशोबाचा काळ बँक दर बदलण्याच्या तारखांमधून जात असेल, तर तक्त्यात प्रत्येक ओळीसमोर कोणत्या तारखेपासून कोणता दर धरलाय ते लिहा. नुसता शेवटचा आकडा दिला की वाद तिथूनच सुरू होतो.

हा हक्क कोणाला आहे, कोणाला नाही?

कायद्याच्या नावात 'मध्यम' शब्द असला तरी थकलेल्या पेमेंटचं हे संरक्षण फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार, यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर उद्योग सूक्ष्म. गुंतवणूक २५ कोटींपर्यंत आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत असेल तर लघु. दोन्ही अटी एकदम पाळल्या जायला हव्यात.

खरेदीदार मात्र कोणीही असू शकतो. खासगी कंपनी, सरकारी खातं, महामंडळ, महापालिका. तो मोठाच असला पाहिजे असंही नाही.

आता तीन अडथळे, जिथे बरेच दावे अडकतात.

पहिला म्हणजे नोंदणीची तारीख. उद्यम नोंदणी udyamregistration.gov.in या सरकारी पोर्टलवर होते आणि ती मोफत आहे. पण पैसे अडकल्यावर घाईघाईने नोंदणी केली तर? सिल्पी इंडस्ट्रीज खटल्यात आणि नंतर २०२२ च्या महाकाली फूड्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नंतर केलेल्या नोंदणीचा फायदा आधीच्या पुरवठ्याला मिळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एनबीसीसी खटल्यात दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने वेगळं मत मांडलं, की परिषदेकडे जाण्यासाठी करारापूर्वीची नोंदणी ही अट नाही. पण हा प्रश्न त्यांनी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाकडे सोपवला. या वादात आपलं बिल अडकू द्यायचं नसेल, तर पहिली ऑर्डर घेण्याआधीच नोंदणी झालेली हवी.

दुसरा अडथळा व्यापाऱ्यांचा. केंद्राने जुलै २०२१ मध्ये घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली केली, पण त्याचा फायदा बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरताच ठेवला. नुसता माल घेऊन विकणाऱ्याकडे उद्यम प्रमाणपत्र असलं, तरी थकबाकीच्या या तरतुदी त्याला मिळतील असं नाही.

तिसरा अडथळा बांधकामासारख्या कंत्राटांचा. ज्यात माल आणि मजुरी एकत्र असते अशी कामं, म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, या कायद्याखाली येत नाहीत अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने काही निकालांत घेतलीय. तुमचं काम त्या प्रकारचं असेल तर अर्ज करण्याआधी वकिलाशी बोलणं बरं.

फॅसिलिटेशन कौन्सिल म्हणजे काय?

कंपनीने व्याज तर सोडाच, मुद्दलही दिलं नाही, तर कलम १८ नुसार पुरवठादार थेट 'सूक्ष्म व लघु उपक्रम फॅसिलिटेशन कौन्सिल'कडे जाऊ शकतो. बोलीभाषेत सगळे तिला नुसतं कौन्सिल म्हणतात. ही परिषद राज्य सरकार नेमतं. तिच्यात तीन ते पाच सदस्य असतात. अध्यक्षस्थानी उद्योग संचालक किंवा उद्योग खात्यातला राज्य सरकारने ठरवलेल्या दर्जाचा अधिकारी असतो. बाकीचे उद्योग संघटना, बँका किंवा कायदा आणि वित्त यांची जाण असलेले लोक. महाराष्ट्रात एकाहून जास्त प्रादेशिक परिषदा आहेत, त्यामुळे भोसरीच्या वर्कशॉपला मुंबईला जावं लागत नाही, पुण्यातल्या परिषदेकडे दाद मागता येते.

इथे पुरवठादाराच्या बाजूची एक मोठी गोष्ट आहे. अधिकारक्षेत्र पुरवठादाराच्या जागेवरून ठरतं. पीओच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात 'सर्व वाद फक्त दिल्लीत, कंपनीने नेमलेल्या लवादापुढे' असं लिहिलेलं असलं, तरी पुण्यातल्या पुरवठादाराचं प्रकरण पुण्याच्या परिषदेपुढेच चालू शकतं. महाकाली फूड्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं की हा विशेष कायदा करारातल्या लवादाच्या कलमाला मागे सारतो.

अर्ज ऑनलाइन होतो. केंद्राने त्यासाठी २०१७ मध्ये samadhaan.msme.gov.in हे पोर्टल सुरू केलं. जून २०२५ मध्ये ऑनलाइन तंटा निवारणासाठी odr.msme.gov.in हे नवं पोर्टल आलं. अर्ज कुठे भरायचा, याची चालू सूचना पोर्टलच्या मुख्य पानावर पाहून घ्या.

अर्जासोबत उद्यम प्रमाणपत्र, पीओ, बिल, शिक्क्याचं चलान, पाठपुराव्याचे ई-मेल, लेजरचा उतारा आणि व्याजाचा तक्ता एवढी कागदं लागतात. बिल आणि पीओ यांचे क्रमांक जुळले पाहिजेत. कंपनीने मध्येच थोडे पैसे दिले असतील तर तेही तक्त्यात दाखवायचे. ते लपवले आणि कंपनीने बँकेचा उतारा काढून दाखवला, तर सगळ्या दाव्यावरच संशय येतो.

आधी समेट, मग लवाद

परिषदेपुढे प्रकरण गेलं की पहिली पायरी समेटाची. दोन्ही बाजूंना बोलावून तडजोड होते का ते पाहिलं जातं. बरीच खरी रस्सीखेच इथेच होते.

आपल्या उदाहरणात कंपनीचा माणूस म्हणतो, 'दहा लाख या महिन्यात देतो, व्याज सोडा.' वर्कशॉपमालकापुढे हिशोब उभा राहतो. व्याज सोडलं तर सव्वादोन लाख गेले. धरून बसलं तर प्रकरण पुढे लांबणार, आणि दरम्यान मुद्दलही अडकून राहणार. इथे बरोबर उत्तर एकच नसतं. पण निदान दोन लाखांचा हक्क आपण सोडतोय, हे आकड्यानिशी माहीत असलं की अधलंमधलं मागता येतं. तडजोड झाली आणि समेटाच्या करारावर दोघांच्या सह्या झाल्या, की त्याला लवादाच्या निवाड्याइतकंच वजन असतं. त्यामुळे त्यात रक्कम, तारखा आणि हप्ता चुकला तर काय, हे सगळं स्पष्ट लिहून घ्यायचं.

समेट फसला तर दुसरी पायरी लवादाची. परिषद स्वतः लवाद म्हणून काम करते किंवा एखाद्या लवाद संस्थेकडे प्रकरण पाठवते. इथे दोन्ही बाजूंना पुरावे मांडण्याची संधी मिळते आणि शेवटी निवाडा होतो.

या दोन पायऱ्या एकमेकींत मिसळून चालत नाहीत. कंपनी समेटाच्या बैठकीला आलीच नाही म्हणून परिषदेने लगेच 'पैसे द्या' असा आदेश काढला, तर तो टिकत नाही. झारखंड ऊर्जा विकास निगमच्या खटल्यात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाच आदेश बेकायदा ठरवला होता. लवादाची प्रक्रिया झालीच पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणून समेट फसल्याची नोंद आणि लवाद सुरू झाल्याची नोटीस, हे दोन्ही कागद फाइलमध्ये आहेत ना, हे पुरवठादारानेही पाहावं. नाहीतर वर्षभराच्या मेहनतीनंतर हातात आलेला आदेश एका मुद्द्यावर उडू शकतो.

कायदा म्हणतो की परिषदेने प्रकरण ९० दिवसांत निकाली काढावं. प्रत्यक्षात बऱ्याच प्रकरणांना त्याहून जास्त वेळ लागतो. ९० दिवसांत पैसे येतील असं धरून कोणाला शब्द देऊ नका.

निवाडा लागला, आता?

कंपनीला निवाडा मान्य नसेल तर ती न्यायालयात आव्हान देऊ शकते. पण कलम १९ ने तिथे मोठी अट घातलीय. खरेदीदाराला आधी निवाड्यातल्या रकमेच्या ७५ टक्के पैसे न्यायालयात भरावे लागतात. समजा व्याज धरून १४ लाखांचा निवाडा झाला, तर साडेदहा लाख भरल्याशिवाय न्यायालय अर्ज ऐकत नाही. आव्हान चालू असताना त्या रकमेतला योग्य वाटेल तो भाग पुरवठादाराला देण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकतं. केवळ वेळ काढण्यासाठी कोर्टात जाणं यामुळे महाग पडतं.

कंपनीने आव्हानही दिलं नाही आणि पैसेही दिले नाहीत, तर निवाडा आपोआप खात्यात जमा होत नाही. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी त्याची अंमलबजावणी करून घ्यावी लागते. त्यासाठी न्यायालयात वेगळा अर्ज करावा लागतो. कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर मार्ग आणखी अवघड होतो, कारण मग दाव्यांची रांग वेगळ्या कायद्याने ठरते.

कंपनीच्या अकाउंट्सना कशाची भीती असते?

परिषदेत न जाताही काही वेळा पैसे सुटतात, कारण थकबाकी ठेवणं कंपनीच्याच वहीत दिसतं.

कंपन्यांना ४५ दिवसांहून जास्त थकलेल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांच्या रकमा आणि उशिराचं कारण 'एमएसएमई फॉर्म १' या सहामाही विवरणात सरकारला कळवावं लागतं. लेखापरीक्षण होणाऱ्या खरेदीदाराला वार्षिक हिशोबात ही थकबाकी आणि त्यावरचं व्याज वेगळं दाखवावं लागतं. हे व्याज आयकरात खर्च म्हणून वजा मिळत नाही.

त्यात २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ४३बी (एच) ही तरतूद आणली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा मिळतो. ही तरतूद आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झाली. आपल्या उदाहरणातलं बिल नेमकं त्याच वर्षातलं आहे. मुदत १५ जानेवारी २०२४ ला संपली आणि ३१ मार्चलाही पैसे दिलेले नव्हते. त्यामुळे त्या खर्चाची वजावट कंपनीला त्या वर्षी मिळाली नाही आणि तेवढा कर आधी भरावा लागला.

म्हणून पहिलं पत्र पर्चेसच्या माणसाला न पाठवता अकाउंट्स प्रमुखाला पाठवा. त्यात उद्यम क्रमांक, माल पोचल्याची तारीख, ४५ दिवस संपल्याची तारीख आणि आजपर्यंतचं व्याज एवढंच लिहा. धमकीची भाषा लागत नाही.

किती दिवसांत दावा करायला हवा?

'संबंध बिघडतील' या भीतीने बरेच पुरवठादार कंपनीशी व्यवहार चालू असेपर्यंत तक्रार करत नाहीत. व्यवहार तुटल्यावर जुनी बिलं काढून बसतात. तोवर उशीर झालेला असू शकतो.

परिषदेपुढच्या लवादाला मुदतीचा कायदा लागू होतो, म्हणजे साधारण तीन वर्षं. १६ जानेवारी २०२४ पासून येणं असलेल्या बिलासाठी ही मुदत जानेवारी २०२७ च्या आसपास संपते. मुदत संपण्याआधी कंपनीने थकबाकी लेखी मान्य केली किंवा काही रक्कम दिली आणि त्याची लेखी नोंद असेल, तर तिथून नवी मुदत सुरू होते. म्हणून दरवर्षी मार्चअखेर कंपनीकडून सही-शिक्क्याचं बॅलन्स कन्फर्मेशन घेऊन ठेवणं फार उपयोगी पडतं.

मुदत उलटून गेली असेल तर? जुलै २०२५ मध्ये सोनाली पॉवर इक्विपमेंट्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुदतीचा कायदा समेटाच्या टप्प्याला लागू होत नाही. म्हणजे जुन्या थकबाकीसाठीही समेटाला बोलावता येतं. पण कंपनी नाही म्हणाली तर पुढे लवादात ती रक्कम वसूल करता येत नाही.

आणि शेवटचं, फसण्याची नेहमीची जागा. कंपनी वर्षभराने मुद्दल देते आणि सोबत एक कागद पाठवते. 'पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, काहीही येणं बाकी नाही.' मुद्दल मिळाल्यावरही फक्त व्याजासाठी दावा करता येतो. पण अशा कागदावर सही झाली की कंपनी तोच कागद पुढे करून वाद घालते. त्याऐवजी पावतीवर एवढंच लिहा की अमुक क्रमांकाच्या बिलापोटी १० लाख रुपये मिळाले, कायद्यानुसारचं २,२२,३९३ रुपये व्याज बाकी आहे. त्या पावतीची पोच घ्या आणि बिलाच्या फाइलला जोडून ठेवा.